७० ग्रॅमचा धसका

कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, करायला घेतला की घरातल्या प्रत्येकाला साखरेबद्दल मत फुटतं. स्वतःच्या कपात तीन चमचे ढवळणारी मंडळीसुद्धा बरणीशेजारी उभी राहून सांगतात, "एवढी? निम्मी घाल, तब्येतीला बरं." यंत्रतंत्र न लागणाऱ्या या पेयात खरा छळ काय तो एवढाच. माझं गाऱ्हाणं असं की ती साखर पिणाऱ्यासाठी नसतेच. ती बरणीत राहणाऱ्यांसाठी असते.

बरणीत दोन पंगती बसतात. पहिल्या पंगतीला यीस्ट. ते साखर फोडून खातं आणि मद्यार्क व वायू सोडतं. दुसऱ्या पंगतीला बॅक्टेरिया. ते त्या मद्यार्काचं आम्ल करतात आणि वर ती जाड, गुळगुळीत साय धरतात, जी पाहून पाहुणे चहा नको म्हणतात. पहिल्या पंगतीला वाढणं कमी पडलं तर दुसरीला काय मिळणार? म्हणून लिटरमागे ४० ग्रॅम साखर घालणाऱ्याच्या वाट्याला पाणचट, धड गोड ना धड आंबट असा द्राव येतो आणि साय कागदासारखी पातळ धरते. उलट कुणी उदार होऊन १२० ग्रॅम ओतली, तर यीस्ट चेकाळतं आणि बॅक्टेरिया मागे पडतात. झाकण काढलं की ताडीचा वास येतो, चव मात्र पाकासारखी. तो पाक तसाच घट्ट बुचाच्या बाटलीत भरला, तर बाटली फुटून स्वयंपाकघराचं छत गोड होतं.

लिटरमागे ६० ते ८० ग्रॅम चालते. मी ७० वर ठाम असतो. चहाची पत्ती लिटरमागे ६ ग्रॅम. तिथंही सल्ला तयारच असतो, "रंग येण्यापुरती घाल." पण पत्ती रंगासाठी नाही. साखरेत नत्र नसतं, ते चहातून येतं. २ ग्रॅम पत्तीवर साय आठवडाभर आळसावून बसते. १५ ग्रॅम घातली तर तुरटपणाने जीभ टाळूला चिकटते. दाणेदार चहा पावडर लवकर आणि कडक उतरते, म्हणून ती ५ ग्रॅमच बरी. आणि मसाला चहा नको. वेलचीच्या तेलाशी बॅक्टेरियांचं पटेलच असं नाही.

आता ३ लिटरची काचेची बरणी घ्या. ती गळ्यापर्यंत भरायची नाही, एकूण द्राव अडीच लिटर. इथंच अंदाजपंचे दाहोदरसे सुरू होतं. लोक बरणीच्या आकारावर हिशेब करतात, द्रावावर नाही. अडीच लिटरला साखर १७५ ग्रॅम आणि पत्ती १५ ग्रॅम. हे चमच्याने मोजू नका. शिगोशीग चमचा आणि सपाट चमचा यांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो, आणि चाळिसाव्या चमच्याला फोन वाजतोच. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा.

लिटरभर उकळत्या पाण्यात पत्ती १० मिनिटं मुरवा, गाळा, साखर विरघळवा. मग उकळून गार केलेलं पाणी घालून सव्वादोन लिटर करा. हाताला कोमट लागेनासा झाला की विरजण घाला: आधीच्या खेपेचा आंबट कोंबुचा, २५० मिली, म्हणजे एकूण द्रावाचा दहावा हिस्सा. दह्याला चमचाभर विरजण पुरतं, इथं नाही. नुसता चहा पुरेसा आंबट नसतो, आणि सुरुवातीला सामू ४.५ च्या खाली आला नाही तर बुरशीला मोकळं रान मिळतं. साखर अचूक आणि विरजण दोन चमचे, अशा उत्साहावरच मग विरजण पडतं. वर कोरडी, लोकरीसारखी हिरवी-काळी बुरशी दिसली तर सायीसकट सगळं फेकायचं. खाली लोंबणारे तपकिरी धागे मात्र यीस्टचे, त्यांना घाबरायचं कारण नाही.

तोंडाला दाट विणीचं सुती कापड बांधा. गाळणीच्या विरळ मलमलीतून चिलटं आत शिरतात. बरणी उन्हापासून दूर ठेवा. पंचविशीच्या तापमानात सात-आठ दिवस, मे महिन्यातल्या पुण्या-नागपुरात पाचव्या दिवसापासूनच चव घ्या. गोड कमी हवा असेल तर साखर कापायची नाही, दिवस वाढवायचे. तरी सगळी साखर संपत नाही, म्हणून मधुमेहींनी "आंबलाय, आता चालेल" असं समजून पेलाभर रिचवू नये.

पुढच्या खेपेचं २५० मिली आधी वरच्या थरातून काढून ठेवा. तळाशी यीस्टचा गाळ असतो, तोच दर खेपेला वापरला तर बरणीचा ताडीकडे ओढा वाढत जातो. हे विरजण फ्रिजबाहेर, झाकून, लेबल लावून ठेवायचं. लेबलाचा उपयोग मर्यादितच असतो. निम्म्या साखरेचा सल्ला देणारीच मंडळी चार दिवसांनी रिकामा पेला घेऊन येतात आणि विचारतात, "ते थोडंसं उरलंय, ते पिऊन टाकू का?"