‘कॉटन’ फिल्टरमध्ये कुर्त्या दिसत नाहीत, या रिव्ह्यूला आमचं उत्तर

★☆☆☆☆
“40 कुर्त्यांचं लिस्टिंग यांच्याकडून करून घेतलं. नगाला 60 रुपये घेतले. कॉटनचा फिल्टर लावला की माझी एकही कुर्ती दिसत नाही! फिट आणि ऑकेजनपण यांनी मनानेच भरलंय. ऐन दिवाळीत धंदा बसला. पैसे पाण्यात.”

नमस्कार ताई,

सणाच्या तोंडावर तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण “एकही दिसत नाही” हे वाक्य वाचून आमच्या दारात आलेलं नवीन गिऱ्हाईक परत फिरेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. राग मानू नका.

40 पैकी 26 कुर्त्या रेयॉनच्या आहेत. जयपूरच्या व्यापाऱ्याच्या बिलावरच ‘14 किलो रेयॉन’ लिहिलंय आणि ते बिल तुम्हीच पाठवलं होतंत. तरी आम्ही आतल्या शिलाईजवळून कापडाचा एक धागा काढला, मधोमध ओला केला आणि ओढला. नेमका ओल्या जागी पटकन तुटला. रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं, सुताचं तसं होत नाही. (धागा जाळून बघण्यात अर्थ नव्हता, दोन्ही कागदासारखेच जळतात.) “हाताला कॉटनसारखंच लागतं, कॉटनच टाका” असं तुम्ही म्हणालात, ते आम्ही केलं नाही. केलं असतं तर त्या 26 कुर्त्या फिल्टरमध्ये आल्या असत्या, आणि मग ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून परतही आल्या असत्या. तो भुर्दंड तुम्हालाच पडला असता.

राहिल्या 14, त्या खऱ्या कॉटनच्या. काम तुमच्या ताब्यात दिलं त्या दिवशी त्या सगळ्या फिल्टरमध्ये दिसत होत्या, स्क्रीनशॉट तुमच्या व्हॉट्सॲपवर अजून असेल. नंतर दिवाळीसाठी तुम्ही भाव वाढवलेत आणि शीट स्वतः चढवलीत. ती शीट आमच्या कामाच्या आधीची होती. तिच्यात भाव नवे, पण `fabric_type` चा कॉलम रिकामा. वर मोड ठेवला होता `Update`. या मोडमध्ये जुनी सगळी माहिती जाऊन शीटमधली बसते, म्हणजे रिकामा रकाना भरलेली माहिती पुसून टाकतो. फक्त भाव बदलायचे असतील तर `PartialUpdate` निवडायचं, मग भरलेले रकानेच बदलतात. तुमच्या अपलोड रिपोर्टमध्ये तारीख आणि मोड दोन्ही दिसतात, एकदा बघा.

आणखी एक खूण सांगते. सर्चमध्ये ‘कॉटन कुर्ती’ टाईप केलं तर तुमचा माल आजही येतो, कारण तो शब्द नावात आहे. डावीकडे `Cotton` वर टिक केली की गायब होतो. फिल्टर नाव वाचत नाही, वर्णनही वाचत नाही, फक्त तो रकाना बघतो. तिथेही यादीतलाच शब्द लागतो. ‘प्युअर कॉटन सॉफ्ट’ असं काही हाताने लिहिलं, तर ते फिल्टरच्या `Cotton` शी जुळणारच नाही.

फिट “मनाने” भरलं, हे मात्र लागलं. तुमची L साइज टेबलावर पसरून काखेखाली मोजली, 22 इंच भरली, म्हणजे घेर 44. तुमच्याच चार्टमध्ये L ची छाती 40 आहे. चार इंच सैल कपड्याला `Slim` कसं लिहू? आणि ए-लाइन हा कुर्तीचा आकार आहे, त्याचा रकाना वेगळा, तो आम्ही भरलाय.

ऑकेजनमध्ये तुम्हाला लग्नही हवं होतं. रोजच्या प्रिंटची कुर्ती जरीच्या कपड्यांमध्ये दिसली तर त्यावर कोण क्लिक करणार? म्हणून `Casual`, आणि गोटापट्टीवाल्या सहा कुर्त्यांना `Festive`. हे फोनवर बोलणं झालं होतं, तुम्ही “बघा तुमच्या हिशोबाने” म्हणालात.

नगाला 60 रुपये जास्त वाटले असतील, पण त्यात हे धागा ओढणं आणि टेपने मोजणं आलं. नुसतं कॉपी-पेस्ट करून देणारे स्वस्तात मिळतात, ते मलाही माहीत आहे.

त्या 14 कुर्त्यांचा कॉलम आम्ही परत भरून देतो, पैसे नकोत. मालाच्या पानावर ते लगेच दिसेल, फिल्टरमध्ये यायला एखादा दिवस लागू शकतो, तेवढा धीर धरा. यापुढे काम देताना शीट कशी चढवायची तेही आम्ही नीट समजावून सांगत जाऊ. तोवर कृपा करून जुनी शीट पुन्हा चढवू नका. भाव बदलायचा असेल तर आधी एक फोन करा, रविवारीही उचलते.