चिपळूणच्या आमच्या दुकानावरील परीक्षणास उत्तर: सळई, सिमेंट आणि पोहोच खर्चाचा हिशेब

ग्राहकाचे परीक्षण: "घराच्या कामासाठी 12 मि.मी. चे 80 बार आणि सिमेंटच्या 50 गोणी घेतल्या. दुसऱ्या दुकानात तोच बार 612 रुपयांना मिळतो, इथे 668 ला पडला. सिमेंट गोणीमागे 30 रुपये जास्त. तिथे डिलिव्हरी मोफत, इथे 4,200 रुपये वेगळे घेतले. उधारीच्या नावाखाली भाव वाढवून लावतात. दोन्ही चलनांचे फोटो जोडले आहेत. लोकांनी स्वतः तुलना करावी."

महोदय,

आपण दोन्ही चलने जोडलीत, याबद्दल आभारी आहोत. कागद समोर असल्यामुळे अंदाजाने बोलण्याची गरज उरलेली नाही. खालील सर्व भाव जीएसटी धरून आहेत, कारण स्वतःचे घर बांधणाऱ्याला या कराची वजावट मिळत नाही आणि त्याने कराशिवायचा भाव शेजारी ठेवून तुलना केली तर ती फसवीच ठरते.

बारमागे जो 56 रुपयांचा फरक आपल्याला दिसतो, तो तीन वेगवेगळ्या गोष्टींचा मिळून झालेला आहे आणि त्यांपैकी सर्वांत मोठी गोष्ट वजनाची आहे. आमच्या चलनावर 80 बारांचे काट्यावरचे वजन 848 किलो असे लिहिलेले आहे, म्हणजे एक बार 10.6 किलोचा झाला. दुसऱ्या दुकानाच्या चलनावर भाव नगावर लावलेला असला, तरी खाली वाहतुकीसाठी निव्वळ वजन नोंदवलेले आहे. ते 80 बारांना 792 किलो, म्हणजे एका बारला 9.9 किलो आहे. 612 रुपयांना 9.9 ने भागले की किलोचा भाव 61 रुपये 82 पैसे येतो. आमचा रोखीचा भाव 62 रुपये होता. म्हणजे किलोमागे खरा फरक 18 पैशांचा, बारमागे सुमारे दोन रुपयांचा. उरलेल्या रकमेपैकी 43 रुपये त्या पाऊण किलोला थोड्या कमी लोखंडाचे आहेत, जे आमच्या बारमध्ये आहे आणि त्या बारमध्ये नाही. राहिलेले दहा-अकरा रुपये उधारीचे आहेत, त्याबद्दल पुढे लिहितो.

वजन कोणते बरोबर, हे दुकानदाराच्या शब्दावर ठेवण्याची गोष्ट नाही. सळईचे मीटरमागे वजन काढण्यासाठी व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग 162 ने भागतात. त्या हिशेबाने 12 मि.मी. चा एक मीटर 888 ग्रॅम आणि बारा मीटरचा पूर्ण बार 10.66 किलो भरला पाहिजे. भारतीय मानक आयएस 1786 मध्ये या मापाच्या मालाला, संपूर्ण लॉट धरून, पाच टक्के कमी-जास्त चालते. म्हणजे बार सरासरीने 10.12 किलोच्या खाली जाता कामा नये. आमचा माल प्रमाण वजनापेक्षा अर्ध्या टक्क्याने हलका आहे, जे रोलिंगमध्ये नेहमीचे आहे; 9.9 किलोचा बार सात टक्क्यांनी हलका होतो.

तरीही त्या दुकानदाराने लबाडी केली, असे मी येथे म्हणत नाही. वाहनकाट्यावर पाच-दहा किलो इकडेतिकडे होतात. शिवाय तो बार बारीक आहे की नुसता आखूड आहे, हे चलनावरून समजत नाही. पूर्ण जाडीचा पण सव्वाअकरा मीटरला थोडा कमी असलेला बारसुद्धा 9.9 किलोच भरतो. आखूड असेल तर नुकसान फक्त पैशांचे आहे, कारण कॉलममध्ये जाडी तीच राहते. बारीक असेल तर अभियंत्याने आराखड्यात जेवढे लोखंड धरले आहे तेवढे कॉलममध्ये पडणारच नाही, आणि ही उणीव काँक्रीट ओतल्यावर कोणाला दिसत नाही. म्हणून त्या दुकानातून माल घेणार असाल तर आधी टेपने बारची लांबी मोजावी. मग फिटरकडून सरळ भागातला बरोबर एक मीटरचा तुकडा कापून घ्यावा आणि किराणा दुकानातील ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवावा. एकट्या तुकड्याला मानकात सहा टक्क्यांपर्यंत तूट चालते. त्यामुळे 835 ग्रॅमच्या खाली काटा थांबला तर तो माल उतरवून घेऊ नये. रिंगांसाठीच्या 8 मि.मी. च्या बारला हीच परीक्षा अधिक कसून करावी. त्याचा मीटर 395 ग्रॅम असतो, मानकात त्याला सवलत जास्त आहे आणि हलका माल बहुधा याच मापात खपवला जातो.

यात उलट बाजूही आहे. वजनावर विकणाऱ्या दुकानात जाडसर रोल झालेला बार आला, तर ग्राहकाला तेवढ्याच मीटरसाठी जास्त किलोचे पैसे भरावे लागतात. म्हणूनच आम्ही चलनावर नग आणि किलो दोन्ही लिहितो. केवळ नग किंवा केवळ किलो लिहिलेल्या अंदाजपत्रकावरून दोन दुकानांची तुलना करताच येत नाही.

बारमागचे ते दोन रुपये ग्रेडचे आहेत. आमच्या चलनावर एफई 500 डी असे लिहिले आहे, दुसऱ्यावर नुसते एफई 500. दोन्हींची ताकद सारखीच धरली जाते, पण डी ग्रेडचा बार तुटण्यापूर्वी किमान 16 टक्के ताणला गेला पाहिजे, साध्या 500 ला 12 टक्के पुरतात. गंधक आणि फॉस्फरस यांची मर्यादाही डी मध्ये कडक आहे. रिंगेचा कोपरा वळवताना बाहेरच्या बाजूला बारीक भेग पडते की नाही, येथे हा फरक फिटरच्या हातालाच कळतो. कोयनेच्या 1967 च्या भूकंपाचा हादरा ज्या भागाने सोसला, तिथे बारमागे दोन रुपये या गुणासाठी देणे मला तरी जड वाटत नाही. ग्रेड बारवरच उमटवलेली असते. तोंडी सांगितलेल्या ग्रेडवर विसंबू नये.

सिमेंटच्या 30 रुपयांबाबत आपण दोन वेगळ्या वस्तू शेजारी ठेवल्या आहेत. आमच्याकडून आपण 395 रुपयांची ओपीसी 53 ग्रेड, म्हणजे साध्या सिमेंटची गोणी नेली. जोडलेल्या चलनावरील 365 रुपयांची गोणी पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटची आहे. आमची पीपीसी त्या दिवशी 370 ला होती, म्हणजे आम्ही गोणीला पाच रुपयांनी खरोखरच महाग होतो, आणि ज्याला ते पाच रुपये वाचवायचे असतील त्याने अवश्य वाचवावेत. फक्त गोणीवर छापलेला उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष पाहून घ्यावे. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, दोन-तीन महिने पडून राहिलेल्या गोणीचे कोपरे दाबले की आत खडे लागतात. ज्या सिमेंटचे खडे बोटांनी चुरडूनही फुटत नाहीत, ते स्लॅबला वापरू नये. जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळुणातील कोणत्याही दुकानदाराला ओल म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. आमची थप्पी उंच ओट्यावर, भिंतीपासून सुटी असते.

खरे तर आपली वाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि अशा जागी मी स्वतः पीपीसीच सुचवतो. त्यातील राखेमुळे काँक्रीट हळूहळू अधिक घट्ट होत जाते आणि खाऱ्या हवेतील क्षार लोखंडापर्यंत पोहोचायला जास्त वेळ लागतो. सेंट्रिंग लवकर सोडवायचे म्हणून आपल्या ठेकेदाराने ओपीसी मागवली, ती त्याची सोय झाली. पीपीसी घेतल्यास फळ्या काही दिवस जास्त ठेवाव्या लागतात आणि सातऐवजी किमान दहा दिवस पाणी मारावे लागते, एवढे मात्र आधीच ठरवून ठेवावे.

आता उधारीबद्दल. अंदाजपत्रकावर रोखीचा भाव 62 आणि तीस दिवसांच्या उधारीचा 63 असे दोन्ही आकडे छापलेले होते, आणि बँकेचा हप्ता प्लिंथची तपासणी झाल्यावर येणार असल्याने आपण दुसरा पर्याय निवडलात. त्यामुळे बारमागे साडेदहा रुपये वाढले. 62 रुपयांवर महिन्याला एक रुपया म्हणजे शेकडा एक रुपया साठ पैसे, वर्षाच्या हिशेबाने 19 टक्क्यांहून थोडे जास्त. गृहकर्जाचा दर नऊ टक्क्यांच्या आसपास असेल, तर तेच पैसे बँकेतून उचलून रोख देण्यात किलोमागे 46 पैसेच व्याज जाते. आमच्या गल्ल्याच्या दृष्टीने हे लिहिणे सोयीचे नाही, पण हप्ता आठ-दहा दिवसांत येणार असेल तर माल थांबवून रोखीने घेणेच परवडते. दुसऱ्या दुकानाच्या चलनावर संपूर्ण रक्कम आगाऊ असे लिहिलेले आहे, तेव्हा त्या भावाची तुलना आमच्या 62 शीच व्हायला हवी.

राहिले पोहोचवण्याचे 4,200 रुपये. त्यात चिपळूणहून शृंगारतळीपर्यंत ट्रकचे 2,400 आणि तिथून वाडीपर्यंत पिकअपच्या तीन खेपांचे प्रत्येकी 600 आहेत, कारण जांभ्याच्या कापातून उतरणाऱ्या आपल्या पाखाडीवजा रस्त्यावर मोठी गाडी वळत नाही. एकूण माल साधारण साडेतीन हजार किलोच्या आत होता; म्हणजे किलोला सव्वा रुपया आणि सिमेंटच्या गोणीला 60 रुपयांहून अधिक खर्च नुसत्या पोहोचवण्याचा. सारखाच माल रोखीने घेतला तर दोन दुकानांत भावाचा जो खरा फरक उरतो, त्यापेक्षा हा आकडा मोठा आहे, आणि तो कमी करण्याचा मार्ग एकच: सळई आणि सिमेंट एकाच फेरीत, एकाच दुकानातून, मग ते कोणतेही असो, मागवणे. मोफत डिलिव्हरीच्या चलनावर तळाशी "गाडी जाईल त्या रस्त्यापर्यंत" असे छापलेले आहे. तिथून पुढची पिकअप आणि हमाली ग्राहकाचीच राहते.

पिकअपमध्ये बारा मीटरचा बार सरळ मावत नाही, म्हणून तो मधोमध दुमडतात. दुमडलेला भाग पुन्हा सरळ करून कॉलममध्ये वापरू नये, कारण तेथे लोखंड कमकुवत झालेले असते. आपले 80 बार निघण्यापूर्वी आम्ही फिटरला फोन करून कापाची मापे विचारली होती आणि त्या मापांवर बार कापूनच पाठवले, त्यामुळे वाकवाकवीत काही वाया गेले नाही. दुसरीकडून माल घेतानाही ही मापे आधी द्यावीत.

स्लॅबची सळई आपण कोठून घ्यावी, हा निर्णय आपलाच आहे. आमच्याकडे आलात तर बार गाडीत भरण्यापूर्वी आपल्यासमोर एक मीटरचा तुकडा कापून तोलून दाखवू, आणि अंदाजपत्रकात पीपीसी व ओपीसी, रोख व उधार, रस्त्यापर्यंत व वाडीपर्यंत असे सर्व आकडे वेगवेगळ्या ओळींत लिहून देऊ.

आपला,
दुकानाचा मालक