फायटोवर २४० पेट्या, विमानात २३२

"आंबा युरोपला पाठवताना फायटो एकदाच काढा, हंगामभर चालतो. माल विषमुक्त आहे असं सरकारच त्यात लिहून देतं. पॅकिंग लिस्ट फक्त कस्टमवाल्यांसाठी. वजन थोडं वाढवूनच टाका, म्हणजे नंतर कटकट नाही."

हा मेसेज महिनाभर फिरतोय. फायटो म्हणजे माल तपासून त्यात कीड-रोग नाही असं सांगणारा सरकारी दाखला. काल देवगडहून धाकट्या मेव्हण्याने पाठवला, खाली एक ओळ: "भावोजी, बरोबर आहे ना?" यंदा पहिल्यांदाच तो स्वतःच्या नावाने माल पाठवतोय, म्हणून हे लिहायला बसलो.

हंगामभर चालणारा फायटो मी कधी पाहिलेला नाही. फायटो असतो एका खेपेचा. त्यावर पाठवणाराचं आणि घेणाराचं नाव, पेट्या किती, पेट्यांवरच्या खुणा काय, माल कुठे पिकला, कशाने निघाला, कुठल्या बंदरावर किंवा विमानतळावर उतरणार, एवढं सगळं लिहिलेलं असतं. दुसऱ्या खेपेला यातलं काय तेच राहणार आहे? शिवाय युरोपीय संघाला दाखला माल देशाबाहेर पडायच्या आधीच्या १४ दिवसांतला लागतो.

'विषमुक्त' हा शब्द त्या कागदावर शोधून दाखवा. दाखल्याचा मजकूर आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराच्या १२ क्रमांकाच्या मानकात ठरवून दिलेला आहे. त्यात म्हटलंय ते एवढंच: माल तपासला, घेणाऱ्या देशाने मनाई केलेली कीड-रोग त्यात नाही. फवारणीच्या अंशाबद्दल एक अक्षरही नाही. तो अहवाल प्रयोगशाळेचा, वेगळा. फायटो हातात आहे म्हणून तोडणीच्या तोंडावर फवारा मारलात, तर माल तिकडे अंशाच्या तपासणीत अडकेल आणि हा दाखला तिथे काही कामाचा नाही.

आता वजन. सगळ्यात घातक सल्ला हाच. मेव्हण्याच्याच खेपेचा हिशेब घ्या. पेट्या २४०, प्रत्येकीत डझनभर फळं, निव्वळ ३ किलो. रिकामी पेटी आणि आतला कागद मिळून ४०० ग्रॅम, म्हणजे भरलेली पेटी ३.४ किलो. पॅकिंग लिस्टवर निव्वळ ७२० किलो, एकूण ८१६ किलो. पेट्यांवर १ ते २४० नंबर. फायटोवरही २४० पेट्या आणि ७२० किलो. फळाच्या नावाच्या रकान्यात नुसतं 'हापूस' नको, शास्त्रीय नावाच्या जागी Mangifera indica असंच टाईप करायचं.

समजा कार्गोत ८ पेट्या भिजलेल्या निघाल्या आणि काढून टाकल्या. राहिल्या २३२, म्हणजे निव्वळ ६९६ किलो. फायटो मात्र २४० चाच. तिकडचा तपासनीस विचारणार, आठ पेट्या गेल्या कुठे? उलट कोणी तपासणीनंतर गुपचूप दहा पेट्या वाढवल्या, तर त्या दहा पेट्या कुणीच तपासलेल्या नाहीत आणि दाखला त्यांना लागू नाही. त्यामुळे जादा माल जास्त धोक्याचा, एवढं त्या मेसेजवाल्याला कळलेलं दिसतं, हे नाइलाजाने मान्य. पण त्यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे कागदावर खोटं वजन. मग माल कमी आणि कागद जास्त, ही तफावत तुम्ही स्वतःच पैसे भरून तयार करता.

पेट्या गळाल्या तर करायचं काय? पेनाने खाडाखोड तर अजिबात नाही. दुरुस्ती फक्त दाखला देणारं कार्यालय करू शकतं, आणि तीही शिक्का, तारीख, सहीसकट. बहुतेक वेळा नवा दाखलाच घेणं बरं. पॅकिंग लिस्टमध्ये नुसता २३२ हा आकडा पुरत नाही, कुठल्या नंबरच्या पेट्या गेल्या तेही लिहा. समजा ४१ ते ४८ गेल्या, तर '१ ते ४०, ४९ ते २४०'. इनव्हॉइस आणि विमानाची बिल्टीही त्याच आकड्यांवर आणा. म्हणून मी मेव्हण्याला सांगितलं, तपासणीच्या दिवशी पेट्या मोजून, नंबर टाकून तयार ठेव, आणि लिस्ट त्याच मोजणीवरून लिही. घरून अंदाजाने लिहून नेऊ नकोस.

फायटोवरचा प्रक्रियेचा रकाना लोक रिकामा सोडतात. फळमाशीसाठी हापूस ४८ अंशांच्या गरम पाण्यात ६० मिनिटं ठेवला असेल, तर तारीख, तापमान आणि वेळ तिथे आली पाहिजे. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंबा फळमाशीमुळेच बंद केला होता, तो २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. तिकडचा तपासनीस हा रकाना वाचतो.

आणि हो, "आमच्या गावच्या माणसाने फायटोशिवाय युरोपला माल पाठवला" असंही कुणी म्हणेल. पाठवला असेल, केळी असतील. युरोपीय संघात केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना फायटो लागत नाही. आंबा त्यात नाही.