भावंडांचं भांडण लिहायचंय? आधी चित्रं विसरा

अ‍ॅनिमेशनसाठी बहीण-भावाच्या भांडणाचा छोटासा सीन लिहायला सांगितलाय ना तुम्हाला, मग पहिली गोष्ट म्हणजे हे चित्रांचं काम आहे हे साफ विसरून जा. चित्रं काढायला माणसं ठेवलीयेत, पगार घेतात, बघतील ती. आपण लेखक, आपल्याकडे शब्द आहेत, आणि ते सगळेच्या सगळे याच सीनमध्ये संपवायचेत.

उदाहरणच घेऊ. मुक्ता १४ वर्षांची, ओंकार १०. रात्रीची वेळ, एक खोली, एक पंखा. तिला थंडी वाजतेय, त्याला उकडतंय. आता हे प्रेक्षकाला कळणार कसं? सांगून, आणखी कसं!

मुक्ता: ओंकार, माझ्या धाकट्या भावा, तुला माहितीये ना मला सर्दी झालीये आणि उद्या माझी भूगोलाची परीक्षा आहे, तरी तू पंखा पाचवर का ठेवलास?
ओंकार: ताई, तू माझी मोठी बहीण असलीस म्हणून काय झालं, मला खूप उकडतंय, आणि तू नेहमीच असं करतेस!
मुक्ता: नाही, तूच नेहमी असं करतोस!

बघा, नातं कळलं, सर्दी कळली, भूगोल कळला. खऱ्या घरातली मुक्ता "ए गाढवा, पंखा" एवढंच म्हणाली असती, पण आपल्याला संस्कारी कंटेंट द्यायचाय. आता हिशोब. बोलण्याचा वेग सेकंदाला दोन-तीन शब्द धरा, तर मुक्ताचं पहिलंच वाक्य आठ-नऊ सेकंदांचं झालं. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे आठ सेकंदांच्या १९२, आणि दर दोन फ्रेमला एक ड्रॉइंग धरलं तरी ९६ वेळा तिच्या तोंडाचा आकार बघायचा. तेवढा वेळ ओंकार काय करतो? काही नाही, ऐकतो. शहाणा मुलगा आहे.

मग येतात अ‍ॅक्शन लाइन्स. इथे "दोघं खूप भांडतात" एवढं लिहून मोकळं व्हायचं. कोण कुठे उभंय, कुणाच्या हातात काय आहे, कोण कुणाकडे सरकतंय, हे स्टोरीबोर्डवाल्यावर सोडा, त्याला तेवढंच क्रिएटिव्ह वाटतं. आणि जे कॅमेऱ्याला दिसूच शकत नाही ते मात्र भरभरून लिहा: "मुक्ताला आतून वाईट वाटतं. तिला आठवतं, ती चार वर्षांची असताना याच ओंकारला पाळण्यात झोके द्यायची." हे काढायचं कसं असं कुणी विचारलं तर म्हणा, डोळ्यांत दिसू दे.

भांडण तापलं की "दोघं एकदम ओरडतात" हे हवंच. इथे बहुतेक वेळा आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्र त्यावर बसवतात, शिवाय दोन कलाकार एकाच वेळी स्टुडिओत असतील असंही नाही, एक मंगळवारी येतो एक शुक्रवारी. त्यामुळे कोण कुणाचं वाक्य नेमकं कुठल्या शब्दावर तोडतं ते कागदावर नसलं की दोघंही आपापलं वाक्य शेवटापर्यंत म्हणून घरी जातात आणि एडिटर रात्रभर कापत बसतो. काही लोक तुटणाऱ्या शब्दापाशी आडवी रेघ मारतात, "मी कधी पंखा—" अशी. एवढ्याशा रेघेने काम होतं, म्हणून ती मारायची नाही.

आता एका आळशी माणसाने हाच सीन कसा लिहिलाय ते बघा, म्हणजे काय टाळायचं ते कळेल.

इंट. मुलांची खोली – रात्र

भिंतीवर गोल रेग्युलेटर, पाचवर. मुक्ता टेबलाशी नकाशा भरतेय, अंगावर गोधडी, बाहेर फक्त लाल नाक आणि पेन. ओंकार बनियनवर, पंख्याखाली हातपाय पसरून.

मुक्ता गोधडीसकट उठते. रेग्युलेटर एकवर. परत बसते.

फ्रेमच्या कडेने ओंकारचा हात आत येतो. पाचवर.

नकाशा उडतो. फट्कन ओंकारच्या तोंडावर चिकटतो.

मुक्ता: ओम्या.
ओंकार (कागदाआडून): मी नाही.

थांबा. कागदाला नाकापाशी हळूच भोक पडतं.

दोघं रेग्युलेटरवर झेपावतात. ओढाताण. टक! बटण मुक्ताच्या हातात. दोघं बटणाकडे बघतात. मग वर.

पंखा पाचच्याही पुढे सुटतो.

आई (बाहेरून): काय तुटलं?
दोघं: काही नाही!

ओंकार कुडकुडतो. गोधडीचं टोक ओढतो. मुक्ता दुसरं टोक ओढते.

संपलं! संवादाचे सात शब्द. याला काय लेखक म्हणायचं? सर्दी शब्द नाही, फक्त लाल नाक. परीक्षा नाही, फक्त नकाशा. आणि चलाखी बघा, गोधडी पहिल्याच ओळीत दाखवून ठेवलीये म्हणजे शेवटी ती हवी तेव्हा आकाशातून पडायला नको. आपण असलं काही करत नाही, आपली गोधडी ऐनवेळी कपाटातून निघते, त्यासाठी कपाटही ऐनवेळीच निघतं.

शिवाय या माणसाच्या प्रत्येक ओळीनंतर काहीतरी बदललेलं असतं. आधी पंखा तिच्या ताब्यात, मग त्याच्या, मग कुणाच्याच नाही. आई ओरडली की दोघं एका बाजूला, आणि लगेच पुन्हा फुटतात कारण आता भांडण पंख्याचं राहिलंच नाही, गोधडीचं झालं, आणि ज्याला उकडत होतं तोच कुडकुडतोय. याला बीट म्हणतात म्हणे. आपल्या सीनमध्ये पहिल्या संवादाला जे दोघं जिथे उभे असतात ते बाविसाव्यालाही तिथेच उभे असतात, याला सातत्य म्हणतात.

आणि ते "थांबा"! तोंडावर कागद, "मी नाही", आणि मग सेकंदभर कुणी हलत नाही. हसू तिथेच येतं हे मला मान्य आहे, पण तेवढ्या वेळात एकच पोझ धरून ठेवता येते, मुक्ताची एखादी पापणी हलवली की झालं, अ‍ॅनिमेटर आयता सुटतो. असे लाड नकोत. त्याच्याकडून काम करून घ्यायचं तर एक नकाशा कशाला, "खोलीभर चाळीस कागद भिरभिरतात" असं लिहा. टाइप करायला चार शब्द, आणि प्रत्येक कागदाचा वळण्याचा, फडफडण्याचा मार्ग वेगळा. वर मुक्ताचे केस मोकळे ठेवा.

शेवट मात्र चुकवू नका. दोघं एकमेकांना सॉरी म्हणतात, मिठी मारतात, आई दारात उभी राहून डोळे पुसते. का सॉरी म्हणाले हे विचारायचं नाही, वेळ संपली म्हणून म्हणाले.

पुढे कधीतरी अ‍ॅनिमॅटिक तयार होईल, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं आवाजावर बसवून, आणि कुणीतरी शहाणा म्हणेल की आवाज बंद करून बघू, भांडण कशावरून आहे ते कळतंय का. त्या दिवशी तुम्हाला ताप आलेला असू दे. स्टोरीबोर्डवाल्याचा फोन येईलच, "सर, चौथ्या पानावर दोघं नुसते बोलतायत, यात काढू काय?" त्याला सांगा, तू काढायला घे रे, फील आपोआप येतो, आणि हो, मिठीच्या वेळी मागे पाऊस टाक.