तपशील घातले, तरी मजकूर यंत्राचाच का वाटतो?

वाचकाची प्रतिक्रिया: «यंत्राच्या मजकुरात खरे तपशील घाला असं तुम्ही सांगितलंत, तसं केलं. आमच्या काजूच्या पाकिटासाठी एआयच्या यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुरात पोर्तुगीज, सोळावं शतक, लाकडावरची भट्टी, गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचे डोंगर असं सगळं घातलं. मुलीने वाचलं आणि लगेच म्हणाली, हे अजून मशीनचंच आहे. मग उपयोग काय? शिवाय तपशील हवेत तर ते यंत्रालाच सांगितले की झालं, हाताने लिहायचा खटाटोप कशाला? आणि कळंगुटला सुटी घालवायला आलेला माणूस हे वाचत बसणार आहे का? त्याला काजू हवेत.»

ताई, तुमच्या मुलीचं बरोबर आहे. तुम्ही मजकूरही पाठवलात हे बरं झालं, कारण त्याशिवाय हे नुसतं वादावादीवर गेलं असतं. तुमचं पहिलं वाक्य असं आहे: «सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेल्या आणि सत्तरीच्या डोंगरउतारांवर बहरलेल्या, लाकडाच्या भट्टीत पारंपरिक पद्धतीने भाजलेल्या अस्सल गोमंतकीय काजूचा स्वाद तुमच्यासाठी.»

यातलं खोटं काहीच नाही. पण तुमच्या पाकिटावरचं नाव झाकून तिथे शेजारच्या कारखान्याचं नाव घातलं, तरी वाक्य जसंच्या तसं खरं राहतं. म्हापशाच्या बाजारातल्या कुठल्याही दुकानाच्या पाटीवर ते चालेल. पोर्तुगीजांनी काजू आणला ही सगळ्या गोव्याची गोष्ट आहे, आणि ती यंत्राला तुमच्याआधीच ठाऊक असते. म्हणजे तुम्ही एक गुळगुळीत गोष्ट काढून दुसरी गुळगुळीत गोष्ट ठेवलीत, फक्त दुसरीत इसवी सनाचा वास आहे.

दुसरं कारण वाक्याच्या बांध्यात आहे. «बहरलेल्या, भाजलेल्या, आणलेल्या, अस्सल» अशी विशेषणांची रांग आणि शेवटी एक नाम, हा बांधा यंत्राने दिला आणि तुम्ही तो जपला. आधी तिथे «निसर्गरम्य» होतं, त्या जागी «सत्तरीच्या डोंगरउतारांवर» आलं. जागा तीच, काम तेच. या वाक्यात कुणी काही करत नाही. भाजलं कुणी, कधी, बी आली कुठून, परत काय पाठवलं, यातलं काही दिसत नाही. तपशील विशेषणाच्या खोबणीत बसवला की तो विशेषणच होतो. तो क्रियापदात आला पाहिजे.

हे करून दाखवल्याशिवाय कळायचं नाही, म्हणून वाळपईकडच्या एका छोट्या कारखान्याचं उदाहरण देतो. नाव सांगत नाही. त्यांच्याकडे आलेला मसुदा तुमच्यापेक्षाही वाईट होता: «पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या परंपरेतून आलेला आमचा प्रत्येक काजू गुणवत्तेच्या कसोटीवर पारखलेला आहे. काजू हे आमच्यासाठी केवळ खाद्य नाही, तर संस्कृती आहे. प्रत्येक घासात अनुभवा गोव्याच्या मातीचा सुगंध.»

मालकांना मी «तुमचं वैशिष्ट्य काय?» असं विचारलं नाही. हा प्रश्न विचारला की माणूसही यंत्रासारखा बोलायला लागतो: दर्जा, विश्वास, परंपरा. मी विचारलं, गिऱ्हाईक फोन करून सगळ्यात जास्त काय विचारतं? क्षणात उत्तर आलं: «काजू पांढरे का नाहीत?»

इथे सोनं होतं. काजूचं कठीण कवच फोडण्याआधी बी एकतर वाफवतात, नाहीतर भट्टीच्या ड्रमात भाजतात. वाफवलेल्या बीचा गर पांढरा निघतो. भाजताना कवचातलं तेल पेटतं, आच कमीजास्त लागते आणि काही गरांवर तांबूस डाग पडतो. बाजारात पांढऱ्या अख्ख्या काजूचा वर्ग वेगळा आणि डाग पडलेल्याचा वेगळा, भावही वेगळा. म्हणजे हा कारखाना बाजाराच्या नजरेत कमी दर्जाचं दिसणारं काहीतरी मुद्दाम विकत होता आणि पाकिटावर मात्र «गुणवत्तेच्या कसोटीवर पारखलेला» लिहीत होता. पाकीट उघडणाऱ्याला डाग दिसणार आणि ते वाक्य फुकट जाणार.

आम्ही लिहिलं: «आमचे काजू पांढरेशुभ्र नसतात. आम्ही बी वाफवत नाही, लाकडाच्या आचेवर ड्रमात भाजतो. त्यामुळे काही गरांवर तांबूस डाग येतो.» नाव बदलून बघा. वाफवणाऱ्या कारखान्याला हे वापरता येत नाही. भाजणाऱ्यालाही, आपला काजू पांढरा नाही हे कबूल करण्याची हिंमत असेल तरच येतं.

मग «कसोटीवर पारखलेला» या शब्दांखाली काही आहे का ते शोधलं. होतं. बागायतदाराकडून पोतं आलं की मालक मूठभर बी पाण्यात टाकतात. पोकळ आणि अपुरी वाढलेली बी तरंगते. उरलेल्यातली थोडी फोडून गर बघतात. गर काळपट किंवा किडका निघाला तर पोतं परत जातं. हा माणूस रोज हे करतो आणि त्याला ते सांगण्याजोगं वाटलं नव्हतं, कारण त्याच्या लेखी ती कामाची सुरुवात, जाहिरात नव्हे. पाकिटावर दोन छोटी वाक्यं आली: «पोतं उतरवण्याआधी मूठभर बी पाण्यात टाकतो. तरंगणारी फार निघाली, किंवा फोडल्यावर गर काळा दिसला, तर पोतं घेत नाही.»

«गोव्याच्या मातीचा सुगंध» खाली काय आहे, हे विचारल्यावर मात्र जरा शांतता पसरली. काजूचा हंगाम साधारण मार्च ते मे. तेवढ्यात घेतलेली स्थानिक बी वर्षभर पुरत नाही, साठा संपला की बाहेरची बी आणावी लागते. गोव्यातल्या कितीतरी कारखान्यांत आफ्रिकेतली बी येते हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर «गोव्याचा काजू» म्हणजे इथे पिकलेला की इथे फोडलेला, हा प्रश्न आणखी टोकदार झाला आहे. मालक म्हणाले, हे लिहिलं तर खप पडेल. मी म्हटलं, मग मातीचं वाक्य काढा, दुसरं काही लिहू नका. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच सुचवलं की स्थानिक बीच्या पाकिटावर «सत्तरीतली बी, यंदाचा हंगाम» असा शिक्का मारायचा आणि बाकीच्यांवर मारायचा नाही. सुगंधाचं वाक्य गेलं, शिक्का आला.

«केवळ खाद्य नाही, तर संस्कृती» हे नुसतं खोडलं. त्याखाली काही नव्हतं. प्रत्येक पोकळ वाक्याच्या जागी दुसरं वाक्य सापडतंच असं नाही. लोक इथेच अडकतात: मसुद्यात दहा वाक्यं होती म्हणून दुरुस्तीतही दहा हवीत असं त्यांना वाटतं, आणि मग आठवणी रचायला बसतात.

आता यंत्रालाच तपशील देण्याबद्दल. द्या की, माझी हरकत नाही. पण परत आलेला मजकूर टिपणाशेजारी ठेवून बघा. टिपणातल्या नामांवर आणि क्रियापदांवर खूण करा: पाणी, मूठभर, तरंगते, काळा, परत, डाग. मजकुरात यातलं काय उरलं? बहुतेक वेळा «पोतं घेत नाही» याचं «काटेकोर निवडप्रक्रिया» झालेलं असतं आणि डागाचं «नैसर्गिक सोनेरी छटा». यंत्राला कुठलीही उणीव गोड करून सांगायची सवय आहे, आणि नेमकी ती उणीवच तुमची ओळख असते. दुसरा धोका मोठा आहे. तपशील कमी पडले तर ते स्वतः भरतं: पहाटे उठून भट्टी पेटवणारी आजी, पणजोबांची साल घातलेली गोष्ट. वाचायला इतकं छान असतं की घरचेही होकार देतात. मग एखादं गिऱ्हाईक आजीला भेटायला येतं. म्हणून शेवटचा हात माणसाचा हवा, आणि प्रत्येक ओळीसाठी «हे तुला कुणी सांगितलं?» याचं उत्तर घरातल्या एका माणसाकडे हवं.

सगळं सांगायचं मात्र नाही. किती वेळ भाजता, मीठपाणी किती, कुठल्या बागायतदाराकडून काय भावाने घेता, ही माहितीही फक्त तुमचीच आहे, पण ती पाकिटावर नको. गिऱ्हाइकाची शंका जिथे संपते तिथे थांबायचं. तपशिलांची खैरात केली की तीही यंत्रासारखीच वाटायला लागते.

कळंगुटच्या पाहुण्याचं म्हणाल, तर तो दुकानात उभ्याने वाचत नाही हे मान्य. तो पाकीट पुण्याला किंवा दिल्लीला नेतो, आठवड्याने उघडतो, डाग बघतो आणि मग पाकीट उलटं करतो. त्या वेळी त्याला पोर्तुगीज नको असतात. डाग का आहे, काजू मऊ पडले तर काय करायचं, हे हवं असतं. तुमच्याकडे पावसाळ्यात उघडं पाकीट नरम पडल्याच्या तक्रारी येत असणारच. मग फोनवर तुम्ही काय सांगता? कोरड्या कढईत, मंद आचेवर, हलवत राहा, गार झाल्यावरच डब्यात भरा, असंच ना? ते तुमच्याच शब्दांत लिहा.

पाकिटाच्या मागे चारच ओळी मावत असतील, तर माझ्या मते डागाची पहिली, पोत्याची दुसरी आणि कढईची तिसरी. चौथी बी कुठली हे सांगणारी, पण ती तुम्ही वर्षभर खरी ठेवू शकत असाल तरच छापा. नाहीतर वाळपईवाल्यांसारखा शिक्का करून घ्या, हंगाम संपला की तो ड्रॉवरमध्ये टाकता येतो.