वेदना असल्यास कळवाव्यात

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला एका सद्गृहस्थांनी मला फोनवर विचारलं, "अहो, तुमच्या चौथ्या प्रश्नात वेदना विचारल्यात. फक्त उजवा गुडघा लिहू की दोन्ही?"

मी डॉक्टर नाही. मी छोट्या व्यवसायांना साठ्याच्या नोंदी संगणकावर बसवून देतो. एका छापखान्याचं काम नुकतंच संपवलं होतं आणि तिथल्या मॅडम इतक्या खूश होत्या, की त्यांनी आपणहून फोन केला. म्हणाल्या, "पूर्वी महिनाअखेरीला कागद मोजण्यात आमचे तीन दिवस जायचे. आता एका दुपारीत होतं. आणि आकडे जुळतात म्हणजे जुळतातच!" मी फोन ठेवला आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग ठरवलं, हे असलं काहीतरी त्यांच्याकडून लेखी घ्यायचं आणि वेबसाइटवर लावायचं.

इथेच माझी बुद्धी फिरली. मॅडमनी जे बोलायचं ते बोलून झालं होतं. मला फक्त "हेच वापरू का?" एवढं विचारायचं होतं. त्याऐवजी मी अकरा दिवस थांबलो (लगेच मागितलं तर हावरटपणा दिसेल म्हणून), कुठूनतरी एक तयार इंग्रजी नमुना उचलला, त्याचं भाषांतर केलं आणि "आपल्या बहुमूल्य अभिप्रायाच्या प्रतीक्षेत" अशा विषयाची चार परिच्छेदांची ईमेल धाडली. तिसऱ्या परिच्छेदात एक लिंक. लिंकमागे अकरा प्रश्नांचा फॉर्म. फॉर्म उघडायला लॉगिन.

मॅडमनी ती ईमेल न वाचता "जरा बघा" असं लिहून अकाउंट्सच्या काकांकडे पुढे ढकलली. मला त्यांचा राग येत नाही. मीसुद्धा तेच केलं असतं. फक्त माझ्याकडे काका नाहीत.

हे काका म्हणजे समोर आलेला कोणताही फॉर्म पूर्ण भरलाच पाहिजे, या निष्ठेने जगलेला माणूस. लॉगिन जमेना म्हणून त्यांनी कुणाकडून तरी फॉर्म कागदावर छापून घेतला होता. छापखानाच तो, कागदाला काय तोटा.

"काका, वेदना म्हणजे तशा वेदना नाहीत," मी म्हणालो. "आमची सेवा घेण्यापूर्वी तुम्हाला काय त्रास व्हायचा, ते."

"तेच सांगतोय. गोदामात उकिडवं बसून रिमं मोजायचो. तीन दिवस. गुडघाच दुखणार ना? कान कसा दुखेल?"

खरं सांगायचं तर याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मूळ नमुन्यात 'पेन पॉइंट्स' होतं, मी त्याचं 'वेदनास्थळे' करून टाकलं होतं आणि काकांनी प्रामाणिकपणे स्थळ कळवलं होतं.

"बरं, पाचवा. 'आमच्यासोबतचा आपला प्रवास कसा होता?' आम्ही कुठे गेलो होतो? तुम्हीच आलात आमच्याकडे. दोनदा. एकदा चार्जर विसरून गेलात."

"तो सोडून द्या, काका."

"सोडून कसा देऊ? पुढे लाल चांदणी आहे. लाल चांदणी म्हणजे सक्तीचा." कागदाचा सळसळाट. "'शून्य ते दहापैकी गुण द्या.' हे मात्र बरं विचारलंत. सात दिले."

"सात?" माझा आवाज चिरकला असावा. मॅडमच्या फोननंतर मी मनातल्या मनात स्वतःला साडेदहा दिले होते.

"अहो, सात म्हणजे पुष्कळ! आमच्या मशीन दुरुस्तीवाल्याला वीस वर्षांत सहाच्या वर दिले नाहीत. दहा मी कुणालाच देत नाही. दहा दिले की माणूस बिघडतो."

हा शून्य ते दहाचा प्रश्न व्यवस्थापन सल्लागार फ्रेड रायकेल्ड यांनी २००३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत मांडलेल्या मोजमापातला. त्याची विभागणी अशी की नऊ-दहा देणारा तुमची शिफारस करणारा, सात-आठ देणारा उदासीन आणि सहापासून खाली नाराज. म्हणजे त्या हिशेबाने काका उदासीन, आणि वीस वर्षं तोच ठेवलेला दुरुस्तीवाला म्हणजे चक्क नाराजी! पण चूक त्या मोजमापाची नव्हती, माझी होती. ते शेकडो गिऱ्हाइकांचा कल बघायला असतं. मला हवी होती एका माणसाची दोन वाक्यं. 'सात' हा आकडा वेबसाइटवर लावून काय करू? जोड्याचा नंबर वाटेल.

सहावा प्रश्न येईपर्यंत माझं डोकं दुसरीकडेच लागलं होतं. हाच माणूस मी काहीही न विचारता गोदाम, रिमं, तीन दिवस, उकिडवं बसणं हे सगळं घडाघडा सांगत होता. कागदावर मात्र "वेदना – उजवा गुडघा". बोलताना कुणालाच अडचण नसते. लिहायला बसवलं की माणूस परीक्षेला बसतो, हात आखडतो आणि उतरतं काय, तर "सेवा उत्तम आहे, धन्यवाद". असले सहा अभिप्राय माझ्या वेबसाइटवर पडून आहेत. त्यातला कुठलाही उचलून दंतवैद्याच्या भिंतीवर लावला तरी चालेल.

त्या संध्याकाळी एका मित्राने तोडगा सुचवला. "तूच लिही आणि खाली कुणाचं तरी नाव टाक. कोण बघतंय?" बघतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये खोट्या अभिप्रायांवर बंदी घालणारा नियमच केला, इतका हा उद्योग माजला आहे. आणि नियम राहू द्या, माझ्या अभिप्रायात गुडघा मला कधी सुचला असता का?

पण मित्राच्या सल्ल्यातला अर्धा भाग खरा होता. लिहायचं मीच. फक्त शब्द त्यांचे, आणि होकारही त्यांचा. मॅडमच्या फोनच्या दिवशी मी वहीत त्यांचं वाक्य जसंच्या तसं टिपलं होतं (कौतुक फार वेळा होत नाही, त्यामुळे टिपायची सवय आहे). दुसऱ्या दिवशी ही ईमेल गेली. विषय: "तुमची दोन वाक्यं वापरू का?"

"नमस्कार मॅडम,

परवाच्या त्या लांबलचक फॉर्मकडे कृपया दुर्लक्ष करा. तुम्ही मागे फोनवर जे म्हणालात ते माझ्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर लावू का?

'पूर्वी महिनाअखेरीला कागद मोजण्यात आमचे तीन दिवस जायचे. आता एका दुपारीत होतं. आणि आकडे जुळतात म्हणजे जुळतातच!'

खाली तुमचं नाव आणि छापखान्याचं नाव येईल, फोटो नाही. चालणार असेल तर 'चालेल' एवढंच उत्तर पाठवा. एखादा शब्द बदलायचा असेल तर बदला. नको असेल तर 'नको' म्हणा, काहीच हरकत नाही."

लिहायला सहा मिनिटं लागली, आणि त्यातली चार मोह आवरण्यात गेली. 'एका दुपारीत'च्या पुढे 'सहज' घालावंसं वाटत होतं. शेवटी 'यांच्यासारखा माणूस मिळणार नाही' असं काहीतरी चिकटवावंसं फारच वाटत होतं. पण न बोललेला एक शब्द जरी घुसला, तरी वाचणारा तिथेच अडखळतो, मग दुरुस्ती करायला बसतो, मग "निवांत बघू" म्हणतो. निवांत म्हणजे कधीच नाही. कुठे लागणार, कुणाचं नाव येणार, हेही आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तेवढं विचारण्यासाठी आणखी एक ईमेल येते आणि दोघांचाही उत्साह मावळतो. आणि 'नको' म्हणायची मोकळीक खरीच द्यावी लागते. ज्याला नकार देता येत नाही तो होकारही देत नाही, नुसता गप्प बसतो.

वहीत काही टिपलेलं नसतं तर? तर मी एकच प्रश्न पाठवला असता: "पूर्वी जे काम व्हायला वेळ लागायचा आणि आता लागत नाही, असं एखादं सांगाल का? एका ओळीत चालेल." मग आलेल्या उत्तराचीच दोन वाक्यं करून परत दाखवायची. अकरा प्रश्न कुणालाही विचारायचे नाहीत. काकांना तर मुळीच नाहीत.

चार मिनिटांत मॅडमचं उत्तर आलं: "चालेल. 'दुपारीत'चं 'दुपारी' करा." बस! अकरा दिवसांचा संकोच, चार परिच्छेद, एक लॉगिन आणि एक गुडघा यांनी जे झालं नाही ते एका शब्दात झालं, वर व्याकरणही तपासून मिळालं. आनंद झाला, पण थोडं लागलंही. माझ्या त्या 'बहुमूल्य अभिप्राया'च्या ईमेलवर मी अख्खी एक संध्याकाळ घालवली होती. त्यातलं एक वाक्य तर मला अजूनही आवडतं.

शुक्रवारी काकांची ईमेल आली. भरलेला फॉर्म, स्कॅन केलेला, आडवा, शिक्क्यासह. मी मान वाकडी करून वाचला. वेदना: दोन्ही गुडघे (उजवा जास्त). प्रवास: लागू नाही. गुण: सात. आणि अगदी तळाशी, 'इतर काही सांगायचे असल्यास'च्या समोर, लाल चांदणी नसलेल्या एकुलत्या एका जागेत, बारीक अक्षरात: "रात्री साडेनऊला आकडा चुकला तेव्हा या माणसाने फोन उचलला. मग मला झोप लागली."

मॅडमच्या वाक्यापेक्षाही हे भारी होतं. असं वाक्य मागून मिळत नाही. मी खुर्चीतच सरळ झालो, आडवा स्कॅन विसरलो आणि लगेच तीन ओळींची ईमेल टाकली. त्यांचं वाक्य जसंच्या तसं, कुठे लावणार ते, आणि 'चालेल' किंवा 'नको'.

काकांनी ईमेलला उत्तर दिलं नाही, फोन केला.

"नको," ते म्हणाले. "फॉर्मवर तुम्हीच छापलंय, 'आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल'."