श्वास अठरा, बाकी सगळं ठीक

सर्वप्रथम अभिनंदन. नर्सिंग फंडामेंटल्सच्या जाडजूड पुस्तकातला रुग्णतपासणीचा धडा कुणा भल्या माणसाने तुमच्यासाठी पिळून एका पानावर आणला आहे. धड्यात प्रत्येक गोष्ट कशी करायची, का करायची आणि ती कुठे फसते हे सगळं होतं. पानावर फक्त चौकोन उरलेत. पहिल्या वर्षाच्या क्लिनिकल पोस्टिंगला याहून जास्त काही लागत नाही. चौकोन भरायला पेन लागतं, रुग्ण लागतोच असं नाही.

सुरुवातीच्या चौकोनांवर वेळ घालवू नका. हात धुतले, टिक. स्वतःची ओळख सांगितली, टिक. रुग्णाची ओळख पटवायची असेल तर पायथ्याशी उभं राहून "तुम्ही अमुकबाई ना?" असं जोरात विचारा. अर्धवट झोपेतलं, कमी ऐकू येणारं किंवा नुसतंच भिडस्त माणूस कशालाही "हो" म्हणतं, त्यामुळे ओळख हमखास पटते. काही चिकित्सक मंडळी "तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा" असं रुग्णाच्याच तोंडून वदवून घेतात आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघतात. त्यांना अधूनमधून चुकीच्या खाटेवरचा माणूस सापडतो आणि सगळ्या वॉर्डाची धावपळ होते. तो मनस्ताप तुम्ही कशाला ओढवून घेता?

आता वायटल्स. इथे मशीन आपलं काम करतं. कफ गुंडाळला की रक्तदाब येतो, बोटाला चिमटा लावला की ऑक्सिजन आणि नाडी येते, थर्मामीटर पीप करून तापमान सांगतं. तुम्ही फक्त आकडे उतरवायचे. अडचण एकाच रकान्याची असते. श्वासाचा वेग वॉर्डातलं नेहमीचं मशीन सांगत नाही. त्यासाठी घड्याळ आणि डोळे घेऊन रुग्णाशेजारी एक अख्खं मिनिट उभं राहावं लागतं. सकाळच्या गडबडीत, तीस खाटांच्या वॉर्डात, हे परवडणारं नाही. म्हणून तो रकाना आधी भरून ठेवायचा.

कोणता आकडा लिहायचा याला मात्र थोडी अक्कल लागते. प्रौढ माणसाचा विश्रांतीतला वेग मिनिटाला १२ ते २० असतो, हे तुमच्या पानावर छापलेलं आहेच. १२ लिहिला तर कुणीतरी शंका घेतं, २० लिहिला तर कड्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं. सगळ्यात सुरक्षित १८. चार्ट चाळून बघा, तुमच्या आधीच्या कित्येक तुकड्यांनी हाच निष्कर्ष काढलेला दिसेल. एक खबरदारी तेवढी घ्या. इन्स्ट्रक्टरने "कसं मोजलंस?" असं विचारलं तर "पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं" असं सांगू नका. चारच्या पाढ्यात १६ येतात, २० येतात, १८ येत नाहीत. "तीस सेकंद मोजून दुप्पट केलं" म्हणा. नऊ दुणे अठरा, हिशेब जुळतो. मुरलेल्या इन्स्ट्रक्टर मात्र दुसऱ्याच वाटेने पकडतात. नुकताच बाथरूमपर्यंत चालून आलेला रुग्ण आणि शेजारी घोरत पडलेला रुग्ण, दोघांचाही श्वास १८ कसा, असं त्या विचारतात. यावर चांगलं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

समजा, इन्स्ट्रक्टर शेजारीच उभ्या आहेत आणि मोजण्यावाचून गत्यंतर नाही. मग आधी रुग्णाला नीट सांगा, "आता मी तुमचे श्वास मोजणार आहे हं." संमती घेतल्याचं पुण्य मिळतं, शिवाय त्या क्षणापासून रुग्ण आपला श्वास स्वतः चालवायला लागतो. कुणी मोठे श्वास घेतो, कुणी रोखून धरतो, आणि आलेला आकडा शरीराचा न राहता शिष्टाचाराचा होतो. जुन्या सिस्टर अगदी उलटं करतात. मनगटावर बोटं ठेवून आधी नाडी मोजतात, मग बोटं तशीच ठेवून नजर छातीवर नेतात. रुग्णाला वाटतं अजून नाडीच चालू आहे. छाती नीट दिसत नसेल तर त्याचाच हात अलगद पोटावर ठेवतात, म्हणजे हात वरखाली होताना दिसतो. एकदा आत आणि एकदा बाहेर मिळून एक श्वास. लय सरळ असेल तर अर्ध्या मिनिटाची दुप्पट चालते. अनियमित असेल, किंवा रुग्ण त्यांच्या मनात भरला नाही, तर पूर्ण मिनिट मोजतात. पंधरा सेकंदांत एक श्वास चुकला तर मिनिटाच्या आकड्यात चाराची चूक होते, असं त्यांचं म्हणणं. बरोबरच आहे, पण एवढं बारीक बघणारी माणसं वेळेत घरी कशी जात असतील?

बारीक बघण्याचे तोटे एका उदाहरणाने समजावतो. उदाहरण रचलेलं आहे, पण कुठल्याही सर्जरी वॉर्डात शोभेल असं. अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई, पोटाचं मोठं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. नाकातून दोन लिटर ऑक्सिजन चालू. मशीनने दिलेले आकडे असे: ऑक्सिजन ९५ टक्के, नाडी १०४, वरचा रक्तदाब ११२, तापमान ३७.९ सेल्सिअस. बाई जाग्या आहेत, विचारलं तर "बरी आहे" म्हणतात. श्वासाच्या रकान्यात तुम्ही नेहमीप्रमाणे १८ लिहिता.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये काढलेलं 'न्यूज २' हे गुणपत्रक लावून बघू. इथे जितके गुण जास्त, तितकी प्रकृती वाईट. ऑक्सिजन ९५, म्हणून १ गुण. तो ९५ सुद्धा बाहेरून ऑक्सिजन देऊन आलेला, म्हणून आणखी २. नाडीचा १. रक्तदाब, तापमान आणि शुद्ध यांचे शून्य. श्वास १८, त्याचेही शून्य. एकूण चार. चार म्हणजे कमी धोका. नर्सने नजर ठेवावी, पुढची तपासणी चार ते सहा तासांनी. तुम्ही मोकळे.

आता शेजारी ती जुनी सिस्टर येते आणि हात मनगटावर ठेवून मिनिटभर नुसती उभी राहते. २४ श्वास. २१ ते २४ ला दोन गुण असतात. चाराचे सहा झाले. पाच किंवा सहा म्हणजे डॉक्टरला तातडीने बोलवा आणि किमान तासाला एकदा तपासा. बाई त्याच, खाट तीच, मशीनचे आकडेही तेच. न मोजलेल्या एका रकान्यामुळे पुढची तपासणी एका तासाऐवजी चार तासांवर गेली होती.

तुम्ही म्हणाल, ऑक्सिजन तर ९५ होता. बोटाच्या चिमट्यावरचा हा विश्वास हृद्य आहे. चिमटा रक्तात ऑक्सिजन किती भरलाय ते सांगतो, तो भरून ठेवायला शरीराला किती कष्ट पडताहेत ते सांगत नाही. टाक्यांच्या दुखण्यामुळे बाई खोल श्वास घेत नाहीत, फुफ्फुसांचे खालचे भाग नीट फुलत नाहीत, म्हणून शरीर उथळ पण भराभर श्वास घेऊन तूट भरून काढतं. संसर्ग मूळ धरत असला तरी श्वास वाढतो. जोवर ही भरपाई जमते, वर दोन लिटरची मदतही असते, तोवर चिमटा शहाण्यासारखा ९५ दाखवत राहतो. भरपाई संपते तेव्हा तो खाली येतो, आणि तेव्हा तो तुम्हालाच काय, साऱ्या वॉर्डाला कळतो. शिवाय बोट गार असेल किंवा नखाला गडद रंग असेल तर तो आकडाही तपासून घ्यावा लागतो. पण त्याला चौकोन नाही, तेव्हा सोडा.

काही गोष्टी तर न मोजताही दिसतात, म्हणून बाईंकडे शक्यतो बघूच नका. बघितलंत तर खांदे श्वासागणिक उचलले जाताना दिसतील, नाकपुड्या फुलताना दिसतील. गप्पा तर मुळीच मारू नका. "रात्री झोप लागली का?" एवढं विचारलं आणि बाई तीन शब्द बोलून, थांबून, श्वास घेऊन पुढचे तीन शब्द बोलल्या, की १८ लिहिताना हात अडखळतो. "सर्वसाधारण स्थिती: ठीक" हा चौकोन भरताना तुम्ही पाठमोरे असणं म्हणूनच सोयीचं.

दुसऱ्या टोकाचा रुग्ण याहून गुणी. मॉर्फिन चालू आहे, दुखतंय म्हणून तक्रार नाही, बेल वाजवत नाही, गाढ झोपलाय. "शांत झोप" लिहा आणि पुढे व्हा. या औषधांनी बहुधा आधी गुंगी वाढते आणि मग श्वास मंदावतो, म्हणून हाक मारून, खांद्याला हात लावून तो कितपत जागा होतो हे बघायला सांगितलेलं असतं. मिनिटाला आठ किंवा त्याहून कमी श्वास म्हणजे त्या एकाच रकान्याचे तीन गुण, आणि एकाच रकान्यात तीन आले की बेरजेची वाट न बघता तातडीने कळवायचं असतं. पण झोपलेल्या माणसाला उठवणं बरं दिसत नाही, नाही का?

राहिला कळवण्याचा भाग. चुकून मोजलंत आणि २४ आले, तर १८ येईपर्यंत पुन्हा पुन्हा मोजता येतं. तेही जमलं नाही तर फोनवर मोघम बोला: "डॉक्टर, पेशंटला जरा बरं वाटत नाहीये, पण वायटल्स स्टेबल आहेत." या वाक्यावर पलीकडून "बघतो" एवढंच येतं आणि विषय मिटतो. भलतंच स्पष्ट मात्र काही बोलू नका. "पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. श्वास २४, पूर्ण मिनिट मोजलेत, काल संध्याकाळी १६ होते. दोन लिटरवर ऑक्सिजन ९५, नाडी १०४. तीन शब्दांनंतर थांबताहेत. न्यूज सहा. तुम्ही येऊन बघाल का?" असं बोललात तर डॉक्टर खरोखरच येतील. आल्यावर बाईंना उठून बसवायला सांगतील, दुखणं कमी करायला लावतील, छाती ऐकतील, रक्त पाठवतील आणि जाताना "दर तासाला श्वास मोजा" असं लिहून जातील. कोण मोजणार, हे वेगळं सांगायला नको.